वार्षिकोत्सवाचं आभारप्रदर्शन: यादी ४३ नावांची, वेळ ४ मिनिटं

केतकी_इंदूर

नमस्कार मंडळी. मी इंदूरच्या एका शाळेत सातवी-आठवीला मराठी शिकवते. शाळा मराठी मंडळींनी काढलेली, पण आता निम्म्याहून जास्त मुलं हिंदी घरांतली आहेत. येत्या शनिवारी वार्षिकोत्सव आहे, शाळेच्याच पटांगणावर, संध्याकाळी साडेपाचला. यंदा आभारप्रदर्शन माझ्याकडे आलंय आणि सोबत मुख्याध्यापिकाबाईंनी दोन पानी यादी दिली आहे. मोजली, ४३ नावं भरली. वेळ मिळणार ४ मिनिटं, शेवटच्या नाचानंतर आणि राष्ट्रगीताच्या आधी.

मागच्या वर्षी ज्या मैत्रिणीने आभार मानले तिचे हाल मी विंगेतून पाहिलेत. नाच संपला, पालक उठले, आपापली मुलं शोधायला स्टेजमागे धावले, आणि ही रिकाम्या होत चाललेल्या खुर्च्यांसमोर नावं वाचत राहिली. ‘आमचे शिपाई’ इथपर्यंत ती पोचली तेव्हा मागच्या रांगेतल्या खुर्च्या एकात एक घालणं सुरू झालं होतं, आणि त्या घालत कोण होतं, तर शिपाईमामाच. त्यांनी आपलं नाव ऐकलंच नाही. ते दृश्य माझ्या डोक्यातून जात नाही.

म्हणून विचारते. ४३ नावं वाचायची का? गाळायची तर कुणाची? मी स्वतः शिक्षिका, मग शिक्षकांचे आभार मीच मानणं कसं दिसतं? आणि मुलांचे आभार मानायचे की कौतुक करायचं?

चारोळीप्रेमी

केतकीताई, सूत्रसंचालन मिळाल्याबद्दल अभिनंदन! माझ्याकडे चारोळ्यांची वही आहे. दीपप्रज्वलनासाठी ९, पाहुण्यांच्या स्वागतासाठी १४, दोन नाचांच्या मधे म्हणायच्या तर कितीतरी. मंचावर कपडे बदलायला वेळ लागला की फार उपयोगी पडतात. पाठवू का?

केतकी_इंदूर

पाठवा, पण संचालन दुसऱ्या मॅडमकडे आहे, त्यांना देते. माझ्याकडे फक्त आभार.

लष्करकर

मी ग्वाल्हेरचा, तिथल्या लष्कर भागात राहतो, एका संस्थेचा २० वर्षं कार्यवाह होतो. मूळ मुद्दा सगळे विसरतात म्हणून सांगतो. आभार हा ठराव असतो. एकाने मांडायचा, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, मग सभेने टाळ्यांनी मंजूर करायचा. हिंदीत म्हणूनच ‘धन्यवाद प्रस्ताव’ म्हणतात. तुम्ही एकट्यानेच बोलणार असाल तर ते अपुरं आहे. एक अनुमोदक नेमून घ्या.

जुना_फळा

लष्करकर, संस्थेच्या सभेपुरतं तुमचं म्हणणं बरोबर आहे. संसदेतही राष्ट्रपतींच्या अभिभाषणावरचा आभाराचा प्रस्ताव असाच रीतसर मांडला जातो, त्याला अनुमोदन लागतं, त्यावर चर्चा आणि मतदान होतं. पण वार्षिकोत्सव ही सभा नाही. तिथे कुणी अनुमोदक उभा राहिला तर पालकांना वाटेल, अजून एक भाषण आलं.

तरी तुमच्या मुद्द्यातली एक गोष्ट केतकीने उचलावी. आभार मानणारा स्वतःच्या वतीने बोलत नाही, तो कुणाच्या तरी वतीने बोलतो. मग प्रत्येक वाक्याआधी एवढंच विचारायचं: हे मी कुणाच्या वतीने म्हणते आहे? पाहुण्यांचे आभार शाळेच्या वतीने. पालकांचे आभार शिक्षकांच्या वतीने, इथे तू थेट ‘आम्ही’ म्हणू शकतेस. शिक्षकांचे आभार मात्र शिक्षकांच्या वतीने मानता येत नाहीत, ते पालकांच्या आणि संस्थेच्या वतीने मानायचे. केतकी, तुला अवघडल्यासारखं होतंय ते इथेच. ‘आम्ही शिक्षकांनी खूप मेहनत घेतली’ हे आभार नव्हेत. ‘संस्थेने मला सांगितलंय की आज माझ्या सहकाऱ्यांसाठी दोन शब्द बोल’ असं म्हटलंस की तू बाजूला होतेस आणि ते सरळ पोचतात.

मी इंदुरात ३१ वर्षं शिकवलं, त्यातली ८ वर्षं मुख्याध्यापिका होते. आता यादीचा हिशोब बघ. पद आणि आदरार्थी शब्द धरून एका नावाला ५ ते ६ सेकंद जातात. ४३ नावं म्हणजे नुसत्या नावांनाच ४ मिनिटं लागतील. ‘आभार’ हा शब्द उच्चारायलाही वेळ उरत नाही. त्यामुळे गाळायची की नाही हा प्रश्नच नाही. कशी गाळायची ते बघू. यादीत कोण किती आहेत ते सांग.

केतकी_इंदूर

बाई, हे ‘कुणाच्या वतीने’ मी कधी धरलंच नव्हतं. यादी अशी: प्रमुख पाहुणे, विशेष अतिथी आणि संस्थेचे अध्यक्ष मिळून ३. कार्यकारिणीचे ९. देणगीदार ४. शिक्षक आणि कर्मचारी १७. पालक ६. टेंट, साउंड, फोटो आणि किरायाचे पोशाख मिळून ४.

राऊपुऱ्याची_सून

मी वडोदऱ्याची, पालकाच्या बाजूने लिहिते. आमच्याकडे याला आभारविधी म्हणतात. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीच्या वर्गाच्या गरब्यासाठी मी २८ चणियांना नाड्या घातल्या, आरशांचे आभळे टाचले, रात्री दोन-दोनपर्यंत. कार्यक्रमाच्या दिवशी ‘सर्व पालकांचे सहकार्याबद्दल आभार’ एवढंच म्हटलं गेलं. मला नाव नको होतं, देवाशपथ नको होतं. पण ज्यांनी फक्त फी भरली आणि मी, असे दोघंही त्या एकाच शब्दात बसलो, ते लागलं. पुढच्या वर्षी वर्गशिक्षिकेचा फोन आला तेव्हा जमणार नाही म्हटलं. वाईटही वाटलं.

जुना_फळा

सूनबाई, हे लिहिलंत ते फार बरं झालं. अशा वेळी नावाचा उपयोग नसतो, कामाचा असतो. ‘ज्या आईंनी २८ चणियांना नाड्या घातल्या’ एवढं म्हटलं असतं तर तुम्हाला कळलं असतं, तुमच्या शेजारी बसलेल्या चौघींनाही कळलं असतं, आणि सातव्या पालकाचं नाव राहिलं म्हणून कुणी रुसलंही नसतं. नावाने एकाचं होतं. काम सांगितलं की ते करणारे सगळे त्यात येतात.

केतकी, पालकांची ६ नावं काढ आणि त्या जागी त्यांनी केलेली तीन कामं लिही. पण प्रत्येकाकडे जाऊन विचार, नेमकं काय केलं. यादीत ‘सहकार्य’ एवढंच असणार, मला माहीत आहे. सहकार्य हा शब्द आला की समजावं, यादी करणाऱ्याने विचारलेलं नाही.

केतकी_इंदूर

खरंय. सहाही नावांपुढे ‘विशेष सहकार्य’ आहे! उद्या विचारते.

पीटी_सर

पालकांपुरतं ठीक. पण शिक्षकांची नावं गाळू नका बाई. मी खेळ शिकवतो. वर्षभर मुलांना रांगेत उभं करतो, वार्षिकोत्सवाला २०० मुलं स्टेजमागे शांत ठेवतो, आणि सगळ्यांदेखत माझं नाव वर्षातून एकदाच घेतलं जातं. आईवडील गावाकडून येऊन मागच्या रांगेत बसलेले असतात. ‘समस्त शिक्षकवृंद’ म्हटलं की त्यांनी काय ऐकायचं?

जुना_फळा

सर, तुमचं दुःख खोटं नाही. पण १७ नावं म्हणजे दीड मिनिट. मी आमच्याकडे मोठ्या पडद्यावर नावं सरकवत होते. बोलणारी कामं सांगायची आणि मागे सगळ्या कर्मचाऱ्यांची नावं, आयाबाईंपासून मुख्याध्यापिकेपर्यंत, एकाच आकाराच्या अक्षरांत. पदानुसार नाही, अकारविल्हे.

पीटी_सर

पडद्यावर वाचणं वेगळं आणि माइकवर ऐकणं वेगळं. मला अजून पटत नाही.

जुना_फळा

नसेल पटत. माझ्याच शाळेतल्या दोघींना ते शेवटपर्यंत पटलं नव्हतं.

तिसरी_घंटा

मी इंदूरचाच, हौशी नाटकवाला. प्रेक्षक का उठतात ते सांगतो. त्यांना आभाराचा राग नसतो. नाच संपला की पालकाचं लक्ष एकाच गोष्टीकडे जातं: माझं मूल कुठे आहे? थंडीत घाम आलेलं, अंगात पातळ झगा, स्वेटर पिशवीत, आणि पिशवी आईच्या हातात. ती आई बसून राहणारच नाही, आणि तिने राहूही नये.

म्हणून दोन मार्ग आहेत. पहिला, आभार शेवटच्या नाचाच्या आधी घ्यायचे. शेवटचा नाच मोठ्या मुलांचा असतो, कपडे बदलायला ३-४ मिनिटं लागतातच. संचालक तिथे चारोळ्या म्हणतात, त्या जागी आभार घ्या. प्रेक्षक खुर्चीत असतो, कारण त्याला पुढचं बघायचं असतं. दुसरा, आभार शेवटीच ठेवायचे असतील तर सगळी मुलं पोशाखासकट स्टेजवर आणून उभी करायची आणि त्यांच्यासमोर बोलायचं. मग पालक उठतात तेही मोबाइलने फोटो काढायला, बाहेर जायला नाही. मी पहिला मार्ग घेईन. दुसऱ्यात मुलांची चुळबुळ माइकमध्ये येते.

लष्करकर

शेवटच्या कार्यक्रमाआधी आभार? मग पाहुण्यांनी उरलेला नाच बघायचा की निघायचं? आभार झाले की कार्यक्रम संपला, ही रीत आहे.

तिसरी_घंटा

काका, पाहुणे तसेही निम्म्यातून निघतात. साडेपाचला बोलावलेला पाहुणा आठला दुसरीकडे दीप लावत असतो.

जुना_फळा

ते मात्र खरं. त्यासाठी पाहुण्यांच्या आभाराचं कार्ड वेगळं ठेवायचं. ते उठतात असं दिसलं की संचालकाने तुला बोलवावं, तू तेवढेच आभार मानावेस आणि परत यावंस. रिकाम्या खुर्चीचे आभार मानणं फार वाईट दिसतं. आणि पाहुण्यांच्या कार्डावर एक ओळ कोरी सोड. ते भाषण करतील तेव्हा विंगेत उभी राहून त्यांचं एक वाक्य त्या ओळीत उतरवून घे. ‘आपलं मौलिक मार्गदर्शन लाभलं’ हे तू भाषणाच्या आदल्या दिवशीही लिहू शकतेस, आणि ते पाहुण्यांनाही ठाऊक असतं.

क्रमाबद्दल माझं मत: पाहुणे, अध्यक्ष, मग लगेच शिपाईमामा, आयाबाई, चौकीदार. त्यानंतर पालक, शिक्षक, बाहेरची मंडळी, शेवटी मुलं. जे कायम शेपटाला येतात त्यांच्या वेळी माइक बंद होतो, हे तू पाहिलंच आहेस. कार्यकारिणीच्या ९ जणांचं अध्यक्षांच्या नावासोबत ‘आणि कार्यकारिणी’ म्हणून भागतं. ते पहिल्या रांगेत बसलेले असतात, स्वागतात त्यांना पुष्पगुच्छ मिळालेले असतात.

केतकी_इंदूर

बाई, हा क्रम मुख्याध्यापिकाबाई मान्य करतील का, धाकधूक आहे. विचारते. देणगीदारांचं काय करू? एकाने ध्वनिव्यवस्थेचा सगळा खर्च दिलाय, तिघांनी थोडेथोडे पैसे.

जुना_फळा

चौघांची नावं घे, रक्कम सांगू नकोस. देणगीदाराचं नाव गाळलं तर शाळेला पुढच्या वर्षी जड जातं, हे कडू असलं तरी खरं आहे. मात्र आधी विचार, काहींना नाव नको असतं.

तिळगूळ_७८

एक लहानशी पण महत्त्वाची गोष्ट. इंदुरात जपून. हिंदीत कुठल्याही विवाहित बाईंना ‘श्रीमती’ म्हणतात. आपल्या जुन्या मराठी बायकांच्या कानाला मात्र ‘श्रीमती’ म्हणजे नवरा नसलेली बाई. कागदोपत्री आता तसं काही नाही, तरी माझ्या सासूबाईंना एका कार्यक्रमात ‘श्रीमती’ म्हटलं, आणि सासरे शेजारीच बसले होते. त्या घरी येऊन गप्प होत्या.

केतकी_इंदूर

अगं बाई! यादीत पाच ‘श्रीमती’ आहेत, त्यातल्या तिघी मराठी.

जुना_फळा

त्यावर उपाय म्हणजे दोन्ही गाळ. पदावरच्या बाईंना ‘माननीय’, शाळेतल्यांना ‘बाई’ किंवा ‘मॅडम’, पालकांना ‘ताई’. ‘सौ.’ म्हणायला जाशील तर दुसऱ्या कुणाला तरी लागेल. आणि प्रत्येक आडनावाचा उच्चार ज्याचा त्यालाच विचार. हिंदीत टाइप केलेल्या यादीत ‘ळ’ चा ‘ल’ झालेला असतो, काळे बाईंचं काले होतं. आडनाव चुकलं की त्यापुढचे आभार ऐकू जात नाहीत.

मांडव_वाला_भिया

मी इंदुरात टेंट-साउंडचं काम करतो, घरी मराठी. तीन गोष्टी सांगतो. एक, माइक तोंडापासून चार बोटं लांब धरायचा, आणि शिक्षक लोक टेस्टिंगला फूंक मारतात ती मारू नका, बोलून बघा. दोन, उघड्या पटांगणावर आवाज समोरच्या भिंतीवरून परत येतो, वर्गात बोलता त्याच्यापेक्षा सावकाश बोला. तीन, रात्री १० ला भोंगा बंद करावा लागतो, २००० सालचा नियम आहे, मग आम्ही कुणाचं ऐकत नाही. कार्यक्रम लांबला की सगळ्यात आधी आभार कापतात, हे मी पुष्कळदा बघितलंय. तुम्ही कापलेली आवृत्ती तयार ठेवा.

जुना_फळा

भिया, माझ्या तोंडचं बोललात. केतकी, पटांगणावर मिनिटाला १०० शब्द धर, टाळ्यांना अर्धा मिनिट सोड. म्हणजे ४ मिनिटांचं भाषण साडेतीनशे शब्दांचं. दीड मिनिटाचं वेगळं लिहू नकोस, त्याच कार्डांपैकी जी राहायलाच हवीत त्यांच्या कोपऱ्याला लाल खूण कर. वेळ गेला तर फक्त लाल वाचायची.

केतकी_इंदूर

दोन दिवस विचारपूस केली. सहा पालकांपैकी दोघांनी पहिलीच्या मुलांचे मधमाशीचे पंख केले: तारेला जुनी जाळीची ओढणी ताणून, ४४ पंख. एकजण व्हॅन चालवतात, तालमीच्या दिवसांत उशिरा सुटलेली मुलं त्यांनी घरोघरी सोडली, जास्तीचा किराया न घेता. बाकीच्या तिघींनी रोज दुपारी पोहे करून आणले.

शिपाईमामांना विचारलं तर म्हणाले, काही नाही केलं. मग पहिलीच्या बाईंनी सांगितलं. स्टेजमागची पायरी उंच आहे, तिथे दिवा नाही. तालमीला मामा रोज त्या पायरीशी टॉर्च खाली धरून उभे असतात. प्रत्येक पोराचं पाऊल पायरीवर पडेपर्यंत टॉर्च हलवत नाहीत. हे यादीत कुठेच नव्हतं.

मसुदा लिहिलाय, मधला भाग टाकते:

‘स्टेजच्या मागे एक अंधारी पायरी आहे. आज तुमची २०० मुलं ती चढली आणि उतरली, एकही पडलं नाही, कारण आमचे मामा तिथे टॉर्च धरून उभे आहेत. ते आत्ताही तिथेच आहेत. त्यांचे, आयाबाईंचे आणि चौकीदारकाकांचे शाळेच्या वतीने आभार. पालकहो, मधमाश्यांचे ४४ पंख तुमच्यातल्या दोन घरांत तयार झाले. तालमीनंतर मुलं घरी पोचली ती एका वडिलांच्या व्हॅनमधून. दुपारचे पोहे तीन घरांतून आले. आम्ही शिक्षक तुमचे आभारी आहोत. पंखांना ऐन वेळी टाके घालणाऱ्या आमच्या एक बाई चार दिवस पदराला सुई टोचून फिरत आहेत. त्यांचे आणि माझ्या सगळ्या सहकाऱ्यांचे, पालकांच्या आणि संस्थेच्या वतीने आभार.’

शेवटी मुलांसाठी काय लिहू, अडकले आहे. ‘घरच्यांचे आभार मानायचे नसतात, मी त्यांच्या ऋणात राहणं पसंत करते’ असं लिहिलं आणि खोडलं.

तिळगूळ_७८

खोडलंस ते चांगलं केलंस. ते वाक्य आता प्रत्येक लग्नाच्या भाषणात असतं.

जुना_फळा

मसुदा उत्तम आहे. ‘एक बाई’ कोण ते सगळ्यांना कळेल, नाव न घेताही. मुलांचं असं बघ. जी स्टेजवर आली त्यांना टाळ्या मिळाल्या, त्यांचं कौतुक झालं. आभार मानायचे ते ज्यांना टाळ्या मिळाल्या नाहीत त्यांचे: पडदा ओढणारी, गाण्याचा क्रम सांभाळणारी, निवड न झालेली तरी रोज तालमीला बसून राहिलेली. कौतुक वयाने मोठा लहानाचं करतो. आभार बरोबरीच्याचे मानतात. ज्या मुलाने पडदा ओढला त्याला एकदा बरोबरीचं मान.

लष्करकर

हे मला आवडलं. अनुमोदन देतो.

केतकी_इंदूर

मंडळी, झालं. सविस्तर लिहिते.

कार्यक्रम पाऊण तास लांबला. आठवीचं नाटक चालू असताना साउंड गेला, १५ मिनिटं तिथेच गेली. पाहुणे सव्वाआठला निघाले, पण कार्ड वेगळं होतं म्हणून मी तयार होते. त्यांनी भाषणात सांगितलं होतं की त्यांच्या लहानपणी शाळेत एकच बाजाची पेटी होती आणि ती वाजवायला मिळावी म्हणून ते सुट्टीत वर्गातच थांबायचे. ते मी कोऱ्या ओळीत उतरवलं होतं. ‘आमच्या संगीत कक्षात तीन पेट्या आहेत, सुट्टीत थांबायला केव्हाही या’ असं म्हटलं. ते जाताना संगीताच्या सरांना शोधून भेटून गेले. हे आभार मी हिंदीतून मानले, कारण ते हिंदी आहेत, बाकीचे मराठीतून. यावर नंतर दोन हिंदी पालकांनी विचारलं की आमच्यासाठीही हिंदीत का नाही. त्यांचं चुकलं नाही. पुढच्या वर्षी काय करायचं ते ठरलेलं नाही.

मुख्याध्यापिकाबाईंनी आभार शेवटच्या नाचाआधी घ्यायला आधी नकार दिला होता. पावणेदहाला त्या स्वतःच विंगेत आल्या आणि म्हणाल्या, आत्ता बोल, दीड मिनिट. लाल खुणेची पाच कार्डं वाचली. देणगीदारांचं कार्ड लाल नव्हतं, आणि धांदलीत मी ते उचललंच नाही. चार नावं राहिली. ध्वनिव्यवस्थेचा खर्च देणारे काका पहिल्या रांगेत होते. रविवारी सकाळी त्यांच्या घरी जाऊन आले. ते काही बोलले नाहीत, चहा दिला. त्यांना लागलंय हे दिसत होतं.

टॉर्चचं वाक्य म्हटलं तेव्हा टाळ्या लगेच नाही आल्या. आधी लोकांनी स्टेजच्या डाव्या बाजूला मान वळवली. मामा पायरीशीच होते, नाचाची मुलं वर चढत होती. त्यांनी टॉर्च हलवला नाही. पहिलीच्या मुलांनी आधी टाळ्या वाजवल्या, मग बाकीच्यांनी.

पडदा ओढणारा मुलगा सातवीतला, वर्गात फारसा बोलत नाही. ‘ज्यांना आज टाळ्या मिळाल्या नाहीत’ म्हणत मी त्याच्याकडे बघितलं, तर त्याने आपल्या हातातली दोरी बघितली आणि घट्ट धरली.

पीटी_सर

आणि शिक्षकांची नावं?

केतकी_इंदूर

सर, पडदा लावता आला नाही, प्रोजेक्टरवर नाटकाचं दृश्य होतं. १७ नावं राहिली. दोघी माझ्याशी नीट बोलत नाहीयेत. तुमचं म्हणणं मला आता जास्त कळतं.

जुना_फळा

देणगीदारांचं कार्ड लाल करायला मी सांगायला हवं होतं, ती चूक माझी. त्यांना शाळेच्या पत्रावर, मुख्याध्यापिकेच्या सहीने, या आठवड्यातच आभाराचं पत्र पाठव. तुझ्या एकटीच्या चहाने ते भरून निघणार नाही. आणि कुणी काय केलं ते आत्ताच वहीत लिहून ठेव, पंख, व्हॅन, पोहे, सगळं. पुढच्या डिसेंबरात पुन्हा ‘विशेष सहकार्य’ लिहिलेली यादी हातात येईल.

राऊपुऱ्याची_सून

केतकी, आमच्या शाळेचा कार्यक्रम जानेवारीत आहे, आणि या वर्षी पुन्हा चणिये माझ्याकडे आलेत. हा धागा मी वर्गशिक्षिकेला पाठवला. तू कार्डं कोणत्या मापाची घेतलीस? त्या विचारत आहेत.

केतकी_इंदूर

पोस्टकार्डाएवढी, जाड. कागद घेऊ नका, थंडीच्या वाऱ्यात उडतो. डाव्या कोपऱ्यात भोक पाडून दोऱ्यात ओवा आणि आकडे घाला. किती चणिये आहेत या वर्षी?

राऊपुऱ्याची_सून

३२.